१ टनाचा एसी, २.१ केव्हीएचा जनरेटर: कॉम्प्रेसर घरघरतो, पण उठत नाही

आर्वीची_लेक (मे, मंगळवार, दुपारी ३.४०)

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. बाबांना थंडीत लकवा मारून गेला, तेव्हापासून ते एकाच खोलीत असतात आणि उन्हाचा त्रास अजिबात सोसत नाही. नागपूरच्या चुलतभावाने नवीन घेतला म्हणून त्याचा जुना १ टनाचा स्प्लिट एसी आम्ही आणून बसवला. इन्व्हर्टरवाला नाही, साधा आहे. लाईन असली की छान चालतो. पण दुपारी बारा-साडेबाराला लाईन जाते ती कधी चारला येते, कधी सहाला.

म्हणून २.१ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतला. दुकानदार म्हणाला, एसी अकराशे वॅटचा आणि हा सतराशे वॅट सतत देतो, आरामात ओढेल. फ्रीज, दोन पंखे, दिवे सगळं चालतं. एसी लावला की आतला पंखा सुरू होतो, तीनेक मिनिटांनी बाहेरच्या युनिटमधून घर्रर्र आवाज येतो, खोलीतला बल्ब एकदम मंद पिवळा होतो, चार-पाच सेकंदांनी 'टक' असा आवाज आणि सगळं शांत. जनरेटर बंद पडत नाही. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच. काल असं सात-आठ वेळा झालं, मग मी भिऊन बंदच केला.

जनरेटर खराब निघाला का? की मोठाच घ्यावा लागेल, आणि घ्यायचा तर केवढा? पैसे एकदाच घालता येतील, म्हणून विचारते.

---

कपाशीवाला (दुपारी ४.०५)

ताई, दुकानदारानं चुकीचं सांगतलं तुमाले. १ टन म्हंजे ३५०० वॅट असते. हे कोन्त्याई कॅटलॉगमधी पाहा, ३.५ किलोवॅट लिवून रायते. २.१ चा कसा ओढन? सिद्धा ५ केव्हीए घ्या, प्रश्न मिटला. मायाकडं शेतात ५ चाच हाय.

---

पुण्यातून_वऱ्हाडी (दुपारी ४.२२)

ताई, जनरेटरच्या धुरात आणि आवाजात पेशंटला ठेवण्यापेक्षा इन्व्हर्टरच मोठा घ्या ना. आमच्याकडे पुण्यात दीडशे एएचच्या दोन बॅटऱ्या आहेत, पंखे-टीव्ही चार तास निघतात. आणि तुमचा एसी जर इन्व्हर्टर एसी असेल तर तो त्याच्यावर चालायलाच हवा, नावातच आहे.

---

फ्रीजमिस्त्री (संध्याकाळी ६.५०)

यवतमाळात बावीस वर्षं फ्रीज-एसीचं आणि मोटर वाइंडिंगचं काम करतो. आधी एक गोष्ट: ताई, बंद केला ते फार चांगलं केलं. आता उत्तर मिळेपर्यंत जनरेटरवर एसीला हात लावू नका. त्या प्रत्येक 'घर्रर्र'ला आतलं वाइंडिंग तापतं आहे.

कपाशीवाले भाऊ, ५ केव्हीए हे उत्तर कदाचित बरोबर निघेल, पण कारण ते नाही. ३.५ किलोवॅट ही खोलीतून बाहेर काढून फेकलेली उष्णता आहे, मीटरमधून ओढलेली वीज नव्हे. १ टनाचा साधा एसी चालताना हजार ते बाराशे वॅटच घेतो. दुकानदाराने सांगितलेला आकडा खोटा नाही, अर्धा आहे. तो चालत्या एसीचा आकडा आहे, उठत्या एसीचा नाही.

पुण्याच्या मित्रांनी दोन वेगळे इन्व्हर्टर एक केले. घरातला इन्व्हर्टर बॅटरीतून वीज देतो. इन्व्हर्टर एसी म्हणजे ज्याचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो. ताईंनी स्पष्ट लिहिलं आहे की यांचा साधा आहे. आणि दीडशेच्या दोन बॅटऱ्यांवर बाराशे वॅट टाकले तर तास-दीड तासात त्या संपतील, चार तास नाही.

ताई, मला चार गोष्टी बघून सांगा. बाहेरच्या युनिटच्या बाजूला स्टिकर आहे, त्यावर करंट किती लिहिला आहे. कॉम्प्रेसरच्या अंगावर वेगळं छोटं स्टिकर असतं, त्यावर एलआरए म्हणून काही दिसतं का. झाकण मिस्त्रीकडूनच उघडा, आतल्या कपॅसिटरमध्ये लाईन गेल्यावरही झटका राहतो. जनरेटर ते एसी वायर किती लांब आणि किती जाड. आणि मध्ये स्टॅबिलायझर आहे का.

---

आर्वीची_लेक (बुधवार, सकाळी ९.१५)

दादा, गावातल्या वायरमनला बोलावून बघितलं. बाहेरच्या स्टिकरवर ५.२ अँपिअर. कॉम्प्रेसरवर एलआरए २७ लिहिलं आहे. जनरेटर आवाजामुळे गोठ्यापाशी ठेवला आहे, तिथून एक्स्टेन्शनची वायर साधारण तीस मीटर, वायरमन म्हणतो १ चौरस मिलिमीटरची आहे. स्टॅबिलायझर आहे, भावानेच दिलेला. कपॅसिटरवर ३५ मायक्रोफॅरड लिहिलं आहे, त्याच्याकडे मोजायचं मीटर नाही.

---

फ्रीजमिस्त्री (सकाळी १०.४०)

आता सांगता येईल. थोडं लांब लिहितो, कारण यातच सगळं आहे.

थांबलेली मोटर ही विजेच्या दृष्टीने जवळजवळ नुसतं तांब्याचं वेटोळं असते. ती फिरायला लागली की आतूनच उलटा दाब तयार होतो आणि करंट आवरला जातो. तोपर्यंत ती जेवढा मिळेल तेवढा ओढते. तुमच्या स्टिकरवरचे २७ अँपिअर म्हणजे तेच: फिरकी अडकलेली असताना २३० व्होल्टवर ओढला जाणारा करंट. चालताना ५.२, उठताना २७, म्हणजे पाचपटीहून जास्त. २३० ला २७ ने गुणा, ६२०० होतात. अर्ध्या सेकंदापुरती या एसीची भूक ६.२ केव्हीए आहे. महावितरणच्या डीपीला ते जाणवतही नाही, म्हणून लाईनवर तुम्हाला कधी कळलं नाही.

तुमचा जनरेटर २.१ केव्हीएचा, म्हणजे साधारण ९ अँपिअरचा. चांगला जनरेटर क्षणभर आपल्या आकड्याच्या दुप्पट ढकलू शकतो, पण व्होल्टेज खाली टाकून. तुमचा बल्ब पिवळा झाला ते हेच. आता खरी गोम इथे आहे. मोटरचा फिरवायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३० चे १५० झाले तर व्होल्टेज दोन तृतीयांश उरलं, पण जोर निम्म्याहूनही कमी उरला. तेवढ्या जोरात कॉम्प्रेसरची पहिली फेरी होत नाही. फेरी झाली नाही म्हणून करंट उतरत नाही, करंट उतरत नाही म्हणून व्होल्टेज वर येत नाही. दोघंही अडकून बसतात. चार-पाच सेकंदांनी कॉम्प्रेसरच्या डोक्यावरचं ओव्हरलोड नावाचं तोडणारं यंत्र तापून सुटतं, तोच तुमचा 'टक'. ते थंड झालं की पुन्हा जुळतं आणि पुन्हा प्रयत्न. दुकानदार 'एकच सेकंद तर लागतो' असं म्हणाला असेल तर ते उठणाऱ्या मोटरचं खरं आहे, न उठणाऱ्या मोटरचं नाही.

जनरेटरचा ब्रेकर का पडला नाही, हाही प्रश्न तुमच्या मनात असेल. व्होल्टेज पडल्यामुळे करंटही २७ वरून सतरा-अठरावर आला. त्यावर छोटा ब्रेकर तापायला वेळ घेतो, त्याआधी ओव्हरलोड सुटलं. म्हणून जनरेटर निर्दोष दिसतो आणि मार कॉम्प्रेसर खातो. ब्रेकर पटकन पडला असता किंवा इंजिनच बसलं असतं तर एसीच्या दृष्टीने बरं होतं.

आता वायर. तीस मीटर म्हणजे जाऊन-येऊन साठ मीटर तांबं. १ चौरस मिलिमीटरला एवढ्या लांबीत सुमारे १.१ ओहम भरतो. २७ अँपिअरला तीस व्होल्ट वायरच खाऊन टाकते. आधीच लंगडा जनरेटर, त्यात ही. ४ चौरस मिलिमीटरची घातली तर तोच घट आठ व्होल्टवर येतो.

मोठा जनरेटर घेण्याआधी दोन स्वस्त गोष्टी करा. कपॅसिटर मोजून घ्या, मोटरला उठायला जोर तोच देतो; जुना एसी आहे, ३५ चा ३१ च्या खाली आला असेल तर बदला. आणि वायर जाड करा. एवढ्याने २.१ वर चालेलच असं मी म्हणणार नाही. पण हे न करता ५ केव्हीए आणला तरी तो अर्धा लढेल.

---

कपाशीवाला (सकाळी ११.२०)

मिस्त्री भाऊ, ३५०० वाली गोष्ट आता ध्यानात आली. पन वायरीचं एवढं काहून? मी त जनरेटरची पिन सिद्धी घरातल्या सॉकेटमधी खुपसतो, दोनी बाजूनं पिन लावलेली वायर बनवून घेतली. मेन पाडला का झालं. साऱ्या घरात लाईन येते, वायर टाकाची झंझटच नाई. ताईनं बी तसंच कराव.

---

खांबावरचा_माणूस (सकाळी ११.४५)

ताई, हे कृपा करून करू नका. भाऊ, तुम्हीही आजच ती वायर कापून टाका.

मी तीस वर्षं लाईनमन होतो, आता निवृत्त आहे. मेन पाडायचं एक दिवस राहून जातं. तुमची वीज मीटरमधून उलटी डीपीवर जाते आणि डीपी तिला उलट चढवून ११ हजार व्होल्टच्या तारेवर नेते. लोक म्हणतात, एवढासा जनरेटर, सारं गाव जोडलं गेलं की लगेच बसेल. बरेचदा बसतोही. पण वादळात तार तुटून तिच्यावर तुमचं एकच घर उरलेलं असतं, तेव्हा तो बसत नाही. त्या वेळी खांबावर आमचा पोरगा असतो, लाईन बंद आहे असं समजून. माझ्या एका सोबत्याला असाच उलट्या विजेचा झटका बसला. जीव वाचला, उजवा हात गेला.

दुसरं, त्या वायरीची एक पिन सॉकेटातून निसटली तर उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात आणि घरात लेकरं असतात. तिसरं, मेन पाडलेला नसताना लाईन परत आली की जनरेटर जळतो.

सगळ्या घराला द्यायचं तर चेंजओव्हर स्विच बसवा, जो एका वेळी एकच बाजू जोडतो. परवानाधारक वायरमनकडून. ताईंना एकच एसी चालवायचा आहे, त्यांना तर तेवढंही नको. एसीची पिन काढून सरळ जनरेटरच्या वायरला जोडायची, लाईन आली की परत भिंतीला.

---

कपाशीवाला (दुपारी १२.१०)

काकाजी, खरं सांगतो, हे मले मालूम नव्हतं. आज संध्याकाळी वायरमनले बलावतो.

---

आर्वीची_लेक (शुक्रवार, दुपारी २.३०)

कपॅसिटर वर्ध्याला मोजून आणला. ३५ चा २६ निघाला! नवा टाकला. जाड वायर आर्वीत लगेच मिळाली नाही, म्हणून जनरेटरच जवळ आणला. खोलीच्या बाहेर छपरीत ठेवला, आता वायर फक्त सहा मीटर. आणि काल रात्री अकराला लाईन गेली तेव्हा एसी पहिल्याच दणक्यात सुरू झाला!! बल्ब क्षणभर मंद झाला आणि परत उजळला. बाबा पहाटे तीनपर्यंत शांत झोपले.

आज दुपारी मात्र पुन्हा घर्रर्र-टक. दोनदा करून सोडून दिलं. रात्री चालतो आणि दुपारी का नाही? आईचं डोकं सकाळपासून जड आहे, बहुतेक उन्हाने.

---

फ्रीजमिस्त्री (दुपारी २.३८)

ताई, आधी जनरेटर छपरीतून बाहेर काढा. आत्ता. बाकीचं नंतर.

खोलीची दारं-खिडक्या उघडा, आईला आणि बाबांना थोडा वेळ मोकळ्या हवेत आणा. आईचं डोकं उन्हाने नसेल तर ते त्या धुराने आहे. आईला किंवा बाबांना मळमळ, चक्कर, गुंगी असं काही वाटलं तर गाडी काढून दवाखान्यात न्या आणि रात्री जनरेटर जवळ चालला होता हे डॉक्टरांना सांगा. वायर लहान करा असं मी म्हणालोच नव्हतो, पण जाड करा म्हणताना हे बजवायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं.

---

दवाखान्याची_ताई (दुपारी ३.०५)

मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. वरचं वाचून लिहितेच. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्याला जो वास येतो तो बाकीच्या धुराचा, त्यामुळे 'वास कमी आहे म्हणजे धूर कमी आहे' असं नसतं. रक्तात तो ऑक्सिजनची जागा घेतो. आधी डोकं जड, मग मळमळ, मग झोप, आणि झोपेत माणूस उठत नाही. लकवा झालेला माणूस 'मला कसंतरी होतंय' हेही नीट सांगू शकत नाही, म्हणून तुमच्या घरात धोका दुप्पट.

छपरी तीन बाजूंनी उघडी असली तरी चालत नाही. पत्र्याखाली धूर साचतो आणि दाराच्या फटीतून आत ओढला जातो. जनरेटर दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, उघड्या अंगणात, धुराचं तोंड घराच्या उलट बाजूला आणि वारा घराकडे येत नसेल असा. आमच्याकडे मागच्या वर्षी दुकानाच्या मागच्या खोलीत जनरेटर लावून बसलेले दोन भाऊ आणले होते. ऑक्सिजनवर ठेवले, दोघंही वाचले. शटर अर्धं उघडं होतं, एवढंच नशीब.

---

आर्वीची_लेक (दुपारी ४.५०)

बाहेर काढला, परत गोठ्यापाशी. आईला अंगणातल्या निंबाखाली बसवलं, तासाभराने डोकं उतरलं. दवाखान्यात दाखवून आलो, दोघंही ठीक आहेत. ताई, दादा, तुमचे उपकार कसे मानू समजत नाही. मला खरंच वाटलं होतं की छपरी म्हणजे बाहेरच.

---

फ्रीजमिस्त्री (संध्याकाळी ७.२०)

बरं झालं. आता रात्र आणि दुपार.

काल रात्री अकराला हवा बत्तीस-तेहतीस असेल, आज दुपारी पंचेचाळीस. एसी थांबला की आतला गॅस दोन्ही बाजूंना समान होतो, म्हणूनच तीन मिनिटं थांबावं लागतं. पण समान झालेला दाबसुद्धा बाहेरच्या हवेबरोबर चढतो. तापलेल्या युनिटमध्ये कॉम्प्रेसरला पहिली फेरी जास्त दाबाविरुद्ध मारावी लागते. त्यात त्याच उन्हात इंजिनला विरळ गरम हवा मिळते आणि त्याचा दम कमी होतो. म्हणजे नेमकं ज्या वेळी एसी जड होतो, त्याच वेळी जनरेटर हलका होतो. कपॅसिटर आणि वायरने तुम्ही सीमारेषेवर आलात. रात्री अलीकडे, दुपारी पलीकडे. आपल्या विदर्भात जनरेटर ठरवायचा तर मे महिन्यातल्या दुपारी तीनला ठरवायचा, रात्रीच्या चाचणीवर नाही.

बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात किंवा पत्र्यावर आहे का? असेल तर वर तट्ट्या टाका. पण वर आणि हातभर दूर. त्याला गुंडाळू नका, समोरची गरम हवा मोकळी सुटली पाहिजे.

---

पुण्यातून_वऱ्हाडी (रात्री ८.००)

इन्व्हर्टरचा माझा गोंधळ झाला होता, माफ करा. पण नेटवर हार्ड स्टार्ट किट म्हणून एक वस्तू दिसली. त्याने सुरुवातीचा करंट कमी होतो म्हणतात. स्वस्त आहे, लावून बघायला काय हरकत?

---

फ्रीजमिस्त्री (रात्री ८.४५)

त्याने पहिला झटका कमी होत नाही. त्यात एक जादा कपॅसिटर असतो, तो सुरुवातीला मोटरला जोरात ढकलतो आणि मग स्वतः बाजूला होतो. म्हणजे झटक्याची वेळ कमी होते, उंची नाही. लाईनचं व्होल्टेज १९० वर रडत असेल अशा गावात मी ते लावतो आणि उपयोग होतो. पण जनरेटरचं व्होल्टेज स्वतःच कोसळत असेल तर ढकलायला वीज कुठून येणार? सीमारेषेवरचा एसी त्याने कधी उठतो, कधी नाही. बाबांच्या खोलीसाठी 'कधी कधी' कामाचं नाही.

सॉफ्ट स्टार्टर ही वेगळी वस्तू. तो खरोखरच करंट निम्म्याहून खाली आणतो, व्होल्टेज हळूहळू वाढवत नेतो. मी दोनच ठिकाणी बसवले आहेत. एक तीन वर्षं चालू आहे, एकात छोटा रोटरी कॉम्प्रेसर दुपारी उठायला कां-कूं करायचा, शेवटी काढला. म्हणून मी छातीठोक सांगणार नाही.

---

मंडप_साऊंड_लाईट (रात्री ९.३०)

ताई, मी पुलगावचा. लग्नाची सराई संपली, माझा ५ केव्हीएचा पेट्रोल सेट रिकामा आहे, व्होल्टेज सांभाळणारं एव्हीआर त्यात आहे. रविवारी तुमच्या बाजूला येतोच आहे. भर दुपारी लावून बघू, मगच विकत घ्या. माझ्याकडे झटका पकडणारं क्लॅम्प मीटर आहे. साधं क्लॅम्प मीटर तो अर्धा सेकंद दाखवतच नाही, त्यामुळे बरेच जण 'सातच अँपिअर घेतला' असं समजतात.

४ चौरस मिलिमीटरची वायर मी आणतो.

---

मंडप_साऊंड_लाईट (रविवार, संध्याकाळी ६.१५)

आजचे आकडे. वेळ दुपारी सव्वातीन, सावलीत थर्मामीटर ४५. सेट अंगणाच्या टोकाला, तीस मीटर वायर. स्टॅबिलायझर मध्ये ठेवला नाही, एसी सरळ जोडला.

रिकाम्या सेटवर २३१ व्होल्ट. कॉम्प्रेसर उठताना १८८ पर्यंत पडलं आणि लगेच २२६ वर आलं. झटका २२ अँपिअर. इंजिन एकदा खोकल्यासारखं झालं आणि सावरलं. चालताना करंट ६.१, स्टिकरवरच्या ५.२ पेक्षा जास्त. मिस्त्री सांगतील का ते. तीन वेळा बंद करून, दर वेळी पाच मिनिटं थांबून लावला, तिन्ही वेळा उठला.

माझ्याकडचा ३ केव्हीएचा जुना सेटही सोबत नेला होता. त्यावर पहिल्यांदा उठला, दुसऱ्यांदा दोन सेकंद घरघरून उठला, व्होल्टेज १५५ पर्यंत गेलं. तिसऱ्यांदा मी लावलाच नाही.

पेट्रोल ५ केव्हीएला तासाला एक लिटर तीनशे मिली गेलं, ताईंच्या २.१ ला एवढ्याच लोडवर कमी जाईल. हा मोठ्या सेटचा खरा खर्च आहे, रोज पाच तास म्हणजे साडेसहा लिटर. टाकी भरायची तर सेट बंद करून, निदान पंधरा मिनिटं थंड होऊ देऊन. गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडून माझ्या पोराचा हात भाजला आहे.

---

फ्रीजमिस्त्री (रात्री ८.१०)

फार मोलाचं काम केलंत, भाऊ. २७ च्या जागी २२ आले कारण व्होल्टेजच १८८ झालं होतं, हिशोब जुळतो. ६.१ हे उन्हाचं. स्टिकरवरचा आकडा ३५ अंशांच्या बाहेरच्या हवेवर काढलेला असतो, ४५ ला कॉम्प्रेसर जास्त घेणारच.

म्हणजे या एसीसाठी उत्तर असं दिसतं: ३ वर जुगार आहे, ५ वर निर्धास्त. चांगल्या एव्हीआरचा ४ केव्हीए कदाचित पुरेल, पण तो आपण तपासला नाही.

ताईंनी पैसे घालण्याआधी आणखी एक रस्ता तोलून बघावा. हा एसी विकून १ टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला तर उठतानाचा झटकाच जातो. तो दोन-तीन अँपिअरवरून हळूहळू चढतो, मग असलेला २.१ पुरू शकतो. मात्र ४५ अंशांत तोही पूर्ण वेगाला चौदाशे-पंधराशे वॅटपर्यंत जातो आणि तुमच्या सेटची सततची मर्यादा सतराशे. सोबत फ्रीज लावायला जागा उरत नाही. बऱ्याच नव्या मॉडेलांत क्षमता ६० टक्क्यांवर बांधायचं बटण असतं, जनरेटरवर ते दाबून ठेवायचं. आणि त्याचं सर्किट व्होल्टेज-फ्रिक्वेन्सीच्या बाबतीत नाजूक असतं. स्वस्त सेट इंजिन डगमगलं की ५० वरून इकडे-तिकडे जातो, तेव्हा काही एसी एरर देऊन बंद होतात. घेण्याआधी तोही असाच लावून बघावा.

---

खांबावरचा_माणूस (रात्री ८.४०)

मिस्त्री, आजच्या चाचणीत स्टॅबिलायझर मध्ये ठेवलाच नाही, तो काढायचा का? मी तर म्हणेन जनरेटरवर तो हवाच.

---

फ्रीजमिस्त्री (रात्री ९.०५)

काका, व्होल्टेज पडलं की स्टॅबिलायझर ते वर उचलायला जातो आणि उचलायला जनरेटरकडूनच जास्त करंट मागतो. आधीच गुडघ्यावर आलेल्याला आणखी ओझं. शिवाय त्या अर्ध्या सेकंदात त्याच्या रिले टकटक करत इकडून तिकडे जातात. एव्हीआरचा सेट असेल तर मला तो नको वाटतो. फक्त त्यातला तीन मिनिटांचा उशीर कामाचा असतो, ताईंच्या एसीत तो स्वतःचाच आहे.

---

खांबावरचा_माणूस (रात्री ९.३०)

पण इंजिनचा गव्हर्नर बिघडून व्होल्टेज २७० वर गेलं तर कोण तोडणार? मी असे दोन सेट पाहिले आहेत, पंखे जळाले होते. उचलणारा नको असेल तर निदान जास्त व्होल्टेजला तोडणारं यंत्र मध्ये ठेवा. आणि ताई, जनरेटरच्या अंगाला अर्थिंगची वायर जोडलेली आहे का? गोठ्यात ओल असते, गुरं असतात.

---

फ्रीजमिस्त्री (रात्री ९.४०)

तोडणारं ठेवायला माझी ना नाही. ते बरोबर आहे.

---

आर्वीची_लेक (सोमवार, दुपारी १.२०)

अर्थिंग नाही. वायरमन म्हणतो रॉड ठोकून जोडून देतो, पण घरातला झटका लागल्यावर पडणारा स्विच जनरेटरवर चालेल का, हे त्यालाही नक्की सांगता येईना.

---

खांबावरचा_माणूस (दुपारी २.००)

अशा छोट्या सेटमध्ये बरेचदा न्यूट्रल अंगाला जोडलेला नसतो. तसा असेल तर तो स्विच पडायला करंटला परतीचा रस्ताच मिळत नाही. जोडायचा की नाही, हे सेटचं पुस्तक बघून आणि एकाच ठिकाणी जोडला जाईल असं करावं लागतं. इथे फोनवर सांगून करायचं काम नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचा परवानाधारक माणूस एकदा आणा. तोपर्यंत गुरं त्या बाजूला बांधू नका आणि सेट कोरड्या फळीवर ठेवा.

---

आर्वीची_लेक (गुरुवार, रात्री ९.५०)

कळवते. आम्ही हिशोब केला. रोज साडेसहा लिटर पेट्रोल जमणारं नाही, म्हणून ५ केव्हीए विकत घेत नाही. मंडपवाल्या दादांनी त्यांचा सेट मृगापर्यंत भाड्याने दिला आहे, तो फक्त बारा ते तीन चालवते. नंतर खोली गार राहते तेवढ्यात कूलर. दिवाळीच्या सुमारास इन्व्हर्टर एसी घेऊ आणि तो आमच्या २.१ वर लावून बघू. घेण्याआधी दुकानदाराने घरी आणून दाखवला तर.

सेट अंगणाच्या टोकाला आहे, वीस फुटांहून लांब, तोंड शेताकडे. आधी सेट, मग दोन मिनिटांनी एसी, मग पंखा. बंद करताना उलट, आधी एसी. फ्रीज त्या वेळात काढून ठेवते. वर्ध्याचा वायरमन शनिवारी येतो आहे, न्यूट्रलचं काय निघालं ते इथेच लिहीन.

---

कपाशीवाला (रात्री १०.१५)

ताई, माया घरी चेंजओव्हर बसला काल. शनिवारचं नक्की लिवा, मायाही सेटचं अर्थिंग तसंच राहलं हाय.